मायक्रोवेव्ह लावला की वाय-फाय का जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात बहुधा एकच भिंत असते. भिंतीच्या एका बाजूला ओट्यावर मायक्रोवेव्ह असतो आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या फळीवर राउटर. या मांडणीतून निर्माण होणाऱ्या एकाच तक्रारीबद्दल शेजारी, नातेवाईक आणि वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायपुरती आहेत. ५ गिगाहर्ट्झचा विचार प्रश्न १० मध्ये केला आहे.

१. मायक्रोवेव्ह आणि वाय-फाय यांचा एकमेकांशी संबंधच काय?

दोन्ही उपकरणे जवळजवळ एकाच वारंवारतेच्या लहरी वापरतात. ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन सुमारे २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी निर्माण करतो, आणि आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला असलेला वाय-फायचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ असा आहे, म्हणजे ओव्हनची वारंवारता या पट्ट्याच्या आतच येते.

ओव्हनच्या पेटीत सातशे-आठशे वॅट शक्ती खेळत असते. पत्रा, दारावरची जाळी आणि दाराची कड मिळून ती जवळजवळ सगळी आत अडवतात, तरी अत्यल्प भाग बाहेर येतोच. राउटरची स्वतःची शक्ती साधारण एकदशांश वॅट असते आणि एक-दोन भिंती ओलांडून फोनपर्यंत पोहोचेस्तोवर तिचा अब्जांश वॅटच्या आसपासचा अंश उरतो. शेजारी मिक्सर चालू असताना दुसऱ्या खोलीतून कोणी हळू आवाजात बोलले तर जे होते, तेच येथे फोनचे होते. त्याचा परिणाम दोन प्रकारे दिसतो. काही वेळा वाय-फायचे उपकरण ‘हवेत कोणीतरी बोलते आहे’ असे समजून आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबते, आणि काही वेळा पाठवलेला मजकूर वाटेत बिघडल्यामुळे तो पुन्हापुन्हा पाठवावा लागतो.

२. वाय-फाय बंद पडते इतकी गळती असेल, तर ओव्हन आरोग्याला धोकादायक नाही का?

केवळ वाय-फाय अडखळते एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. सुरक्षिततेच्या मानकानुसार ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपर्यंत गळती मान्य असते, आणि अंतर वाढले की ती झपाट्याने कमी होते. फोनला ऐकू येणारा राउटरचा आवाज याच्या तुलनेत इतका क्षीण असतो, की मर्यादेच्या कितीतरी आतली गळतीसुद्धा त्याला दाबून टाकायला पुरेशी ठरते. दार नीट बसत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

३. दोष मायक्रोवेव्हचाच आहे, नेटवाल्याचा नाही, याची खात्री कशी करायची?

ही खात्री करण्यापूर्वी कोणतेही सेटिंग बदलू नये, असा माझा आग्रह आहे. बहुतेक जण वेग मोजणारे ॲप उघडतात. मात्र त्या आकड्यात घरातील वाय-फाय, बाहेरची फायबर आणि दूरचा सर्व्हर या तिन्हींचा दोष एकत्र मिसळलेला असतो. आपल्याला फक्त फोन किंवा लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला टप्पा तपासायचा आहे, म्हणून पिंग, म्हणजे छोटीशी हाक देऊन तिचे उत्तर येते का आणि किती वेळात येते हे पाहणे, राउटरलाच करावे.

विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ही कमांड द्यावी:

```
netsh wlan show interfaces
```

उत्तरात `Channel` या ओळीसमोर १ ते १३ मधला आकडा असेल, तर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर आहे. ३६ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर आहे, आणि ही चाचणी तेथे निरुपयोगी आहे. त्यानंतर `ipconfig` देऊन `Default Gateway` समोरचा पत्ता पाहावा. तोच राउटरचा पत्ता. आता लॅपटॉप ज्या जागी त्रास होतो त्याच जागी ठेवून पुढील कमांड द्यावी, आणि पत्ता वेगळा असल्यास तो बदलून घ्यावा:

```
ping -n 120 -w 1000 192.168.1.1
```

ही चाचणी साधारण दोन मिनिटे चालते. पहिल्यांदा ती ओव्हन बंद असताना करावी. दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये काचेच्या भांड्यात सुमारे एक लिटर पाणी ठेवून, पूर्ण शक्तीवर अडीच मिनिटे लावून करावी. पाणी भरपूर घेतल्याने ते एवढ्या वेळात उकळत नाही आणि ओव्हन रिकामा चालवण्याची चूकही टळते. रिकाम्या ओव्हनमध्ये लहरी शोषणारे काहीच नसते आणि मॅग्नेट्रॉनला इजा होऊ शकते. तिसऱ्यांदा शक्य असल्यास लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून, त्याचे वाय-फाय बंद करून, ओव्हन चालू असतानाच पिंग करावे.

दुसऱ्या चाचणीत `Request timed out` अशा ओळी येऊ लागल्या आणि तिसरीत एकही आली नाही, तर राउटर आणि त्यामागची लाइन ठीक आहे व बिघाड हवेतच आहे, असे निश्चित समजावे. केबलवरही उत्तरे थांबली, तर प्रश्न १२ पाहावा.

४. चाचणी केली, आकडे आले. त्यांचा अर्थ कसा लावायचा?

मुलुंडच्या माझ्या घरातले आकडेच सांगतो. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर, ओव्हन त्याच भिंतीपलीकडे ओट्याच्या टोकाला, आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, ओव्हनपासून साधारण दीड मीटरवर. राउटर ११व्या चॅनेलवर, म्हणजे वाय-फायच्या पट्ट्यातल्या ११ क्रमांकाच्या जागेवर होता. ओव्हन बंद असताना १२० पैकी १२० उत्तरे आली आणि प्रत्येकाला दोन ते पाच मिलिसेकंद लागले. ओव्हन चालू होताच ४४ पिंग हरवले, आणि जी उत्तरे आली त्यांतली अनेक दोनशे-तीनशे मिलिसेकंदांनी आली. केबलवर ओव्हन चालू असतानाही एकही पिंग हरवला नाही. म्हणजे नेटवाल्याला फोन करण्याचे कारण उरले नाही.

मग राउटर ६व्या चॅनेलवर नेला, तेव्हा २९ हरवले. पहिल्या चॅनेलवर नेल्यावर ३ हरवले आणि उत्तरे दहा ते चाळीस मिलिसेकंदांत येऊ लागली. आपले आकडे वेगळे येतील, कारण ओव्हन, भिंत आणि अंतर वेगळे असेल. पाहायचा तो फरक. ओव्हन बंद आणि चालू यांमध्ये ठळक फरक असेल आणि चॅनेल बदलल्यावर तो घटत असेल, तर निदान बरोबर आहे. उलट, ओव्हन बंद असतानाच पंधरा-वीस पिंग हरवत असतील, तर राउटर दूर आहे किंवा चॅनेलवर गर्दी आहे. ओव्हनचा विचार त्यानंतर.

५. वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, तरी काही उघडत नाही. असे कसे?

कांड्या राउटरकडून येणाऱ्या लहरींचा जोर दाखवतात. त्या लहरींवर दुसऱ्या कशाचा गोंगाट पडला आहे का, हे त्यांतून कळत नाही. ओव्हन चालू असताना राउटरचा जोर कमी होत नाही, गोंगाट वाढतो, म्हणून कांड्या तशाच राहतात.

६. फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये मायक्रोवेव्ह कुठेच दिसत नाही. मग तो दोषी कसा?

ही ॲप्स केवळ ज्यांना नाव आणि चॅनेल आहे अशा वाय-फाय नेटवर्कची यादी करतात. ओव्हन स्वतःचे नाव पुकारत नाही, तो फक्त गोंगाट करतो, आणि फोनच्या वाय-फायला तो वाचता येत नाही. शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत हे पाहण्यासाठी ॲप उपयोगी आहे. ओव्हनसाठी मात्र प्रश्न ३ मधली पिंगची चाचणीच करावी.

७. कोणता चॅनेल निवडावा?

पहिली निवड चॅनेल १, रुंदी २० मेगाहर्ट्झ. याचे कारण चॅनेलांच्या जागा पाहिल्या की लगेच लक्षात येते. चॅनेल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर असतो आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीने तो साधारण २४०२ ते २४२२ व्यापतो. चॅनेल ६ साधारण २४२७ ते २४४७ आणि चॅनेल ११ साधारण २४५२ ते २४७२ व्यापतो. घरगुती ओव्हनचा जोर बहुधा २४५० ते २४७० च्या आसपास असतो, पण तो एका जागी स्थिर राहत नाही. मॅग्नेट्रॉन तापला, आतले अन्न फिरले किंवा विजेचा दाब बदलला की तो पुढेमागे सरकतो. त्यामुळे ११ नेमका त्याच्या तोंडाशी सापडतो, ६ ला त्याची कड लागते, आणि १ सर्वांत दूर राहतो.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवणे. तसे केल्यास चॅनेल १ वर बसलेला राउटरही वरच्या दिशेने पसरतो आणि पुन्हा ओव्हनच्या टप्प्यात येतो. दुसरी चूक म्हणजे ‘१ वर गर्दी आहे, म्हणून ३ घेऊ’ असा विचार करणे. चॅनेल ३ हा १ आणि ६ या दोन्हींवर अर्धवट चढतो. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि पाळीने बोलतात, परंतु अर्धवट चढलेल्या राउटरचे बोलणे समजत नसल्याने ते केवळ गोंगाट ठरते. त्यामुळे आपलेही नुकसान होते आणि शेजाऱ्यांचेही.

चॅनेल १३ आपल्याकडे वापरता येतो, पण तो ओव्हनच्या वरच्या बाजूला फारसा दूर नाही. शिवाय परदेशातून आणलेल्या काही फोन आणि लॅपटॉपना तो दिसतच नाही, त्यामुळे तो शेवटचा पर्याय समजावा.

८. राउटर ‘Auto’ वर आहे. तो स्वतःच योग्य चॅनेल निवडत नाही का?

बहुतेक घरगुती राउटर चॅनेलची पाहणी चालू होताना किंवा अधूनमधून करतात, आणि तेव्हा मुख्यतः शेजारचे राउटर मोजतात. पाहणीच्या त्या क्षणी ओव्हन बंद असण्याचीच शक्यता अधिक, म्हणून ११ वर शेजारी कमी दिसले की राउटर तेथे जाऊन बसतो. आपण दुधाचा कप गरम करतो त्या दोन मिनिटांचा त्याला पत्ता नसतो. ओव्हनचा त्रास सिद्ध झाला असेल तर चॅनेल हाताने ठरवावा.

९. चॅनेल प्रत्यक्ष कसा बदलायचा?

प्रश्न ३ मध्ये सापडलेला राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या खालच्या चिकटपट्टीवर छापलेले असतात. आत गेल्यावर `Wireless` किंवा `WLAN` या भागात २.४ गिगाहर्ट्झचे पान शोधावे. तेथे `Channel` हे `Auto` वरून `1` वर आणि `Channel Width` किंवा `Bandwidth` हे `20MHz` वर न्यावे, आणि जतन करावे. वाय-फाय काही सेकंद तुटून परत जोडले जाईल, नाव आणि पासवर्ड तेच राहतील. हे काम शक्यतो लॅन केबलने जोडून करावे, म्हणजे मध्येच पान तुटत नाही.

नेट कंपनीने दिलेल्या काही पेट्यांमध्ये हे पान कुलूपबंद असते. तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवेला ‘२.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल १ आणि रुंदी २० करून द्या’ अशा नेमक्या शब्दांत सांगावे. ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगितले तर राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला मिळतो आणि राउटर पुन्हा `Auto` पाहणी करून ११ वर बसतो. बदल केल्यावर प्रश्न ३ मधली दुसरी चाचणी अवश्य पुन्हा करावी.

१०. आमच्या इमारतीत चॅनेल १ वर आधीच पंधरा राउटर आहेत. मग काय करावे?

दाट वस्तीच्या सोसायटीत ही खरी अडचण आहे. शेजाऱ्यांची गर्दी पाहण्यासाठी ही कमांड उपयोगी आहे:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

यादी लांबलचक आली तरी घाबरू नये. मोजायचे ते `Signal` मोठा असलेले. दोन मजले खालून येणारा १५ टक्क्यांचा राउटर फारसा आड येत नाही, शेजारच्या भिंतीपलीकडचा ८० टक्क्यांचा येतो. रात्री नऊ-दहाच्या सुमारास, ओव्हन बंद असताना, चॅनेल १ आणि ६ या दोन्हींवर पिंगची चाचणी घ्यावी. ओव्हन दिवसातून दहा-पंधरा मिनिटे चालतो, शेजारी दिवसभर असतात. गर्दीमुळे १ वर नेहमीच अडखळत असेल, तर दहा मिनिटांच्या सोयीसाठी दिवसभराचा त्रास पत्करण्यात अर्थ नाही.

अशा घरात लॅपटॉप, फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत, हेच बरे. तेथे ओव्हनचा आवाज पोहोचत नाही, आणि २०१८ पासून आपल्याकडे त्या पट्ट्याचा बराच मोठा भाग विनापरवाना खुला आहे. मात्र ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत अधिक शोषल्या जातात, म्हणून दूरच्या खोलीत त्या कमी पडू शकतात. शिवाय स्मार्ट प्लग, बरेचसे घरगुती कॅमेरे आणि जुने प्रिंटर फक्त २.४ वरच चालतात. त्यांच्यासाठी चॅनेलची निवड करावीच लागते. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ यांतला चॅनेल ठेवावा. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारची चाहूल लागल्यास जागा सोडण्याचा नियम राउटरमध्ये घातलेला असतो, आणि मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचे सी-बँडचे, म्हणजे याच वारंवारतांच्या आसपास चालणारे रडार आहे, याची आठवण ठेवावी.

११. फोन ५ गिगाहर्ट्झवर नेला होता, तरी स्वयंपाकघरात गेले की नेट जाते. का?

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल, तर फोन स्वतःच्या मर्जीने पट्टा बदलतो. स्वयंपाकघरात ५ चा जोर कमी झाला की तो २.४ वर उतरतो, आणि तेथे समोर ओव्हन असतो. राउटरमध्ये `Smart Connect` किंवा `Band Steering` बंद करून दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत आणि फोनमध्ये फक्त ५ चे नाव जतन ठेवावे.

१२. ओव्हन लावला की राउटरचे दिवेच विझतात आणि तो पुन्हा सुरू होतो. हाही लहरींचाच परिणाम का?

नाही, हा विजेचा प्रश्न आहे, आणि चॅनेल बदलून तो सुटणार नाही. ओव्हन सुरू होताना मोठा प्रवाह ओढतो. राउटर त्याच एक्स्टेंशन बोर्डवर किंवा जुन्या वायरिंगच्या त्याच लाइनवर असेल, तर दाब क्षणभर पडतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. पडताळणी सोपी आहे. ओव्हन बंद ठेवून त्याच सॉकेटवर इस्त्री किंवा पाणी तापवण्याची किटली लावावी. तेव्हाही राउटर बंद पडला, तर लहरींचा संबंध नाही. कन्व्हेक्शनचा ओव्हन असेल तर आणखी चांगली परीक्षा करता येते. निव्वळ कन्व्हेक्शन किंवा ग्रिलवर कॉइल तापते, वीज भरपूर जाते, पण मॅग्नेट्रॉन बंद असतो. तेव्हा वाय-फाय सुरळीत राहिले आणि मायक्रोवेव्हवर गेले, तर दोष लहरींचा. दोन्ही वेळा गेले, तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मायक्रोवेव्ह एक्स्टेंशन बोर्डवर लावणे मुळातच टाळावे.

१३. डीफ्रॉस्टवर नेट दहा-पंधरा सेकंद जाते, परत येते, पुन्हा जाते. राउटर खराब आहे का?

नाही, हे ओव्हनचेच लक्षण आहे, आणि निदानाला उत्तम पुरावा आहे. साध्या ओव्हनमध्ये कमी शक्ती म्हणजे मॅग्नेट्रॉन हळू चालणे नव्हे. तो काही सेकंद पूर्ण जोरात चालतो आणि काही सेकंद पूर्ण बंद राहतो. दिवा आणि पंखा चालूच असल्याने पाहणाऱ्याला ते कळत नाही, पण कान दिल्यास घरघर बदलताना ऐकू येते. पिंगच्या ओळी त्या घरघरीबरोबर थांबत आणि सुरू होत असतील, तर आणखी पुराव्याची गरज नाही. इन्व्हर्टरच्या ओव्हनमध्ये शक्ती सलग कमी केली जाते, म्हणून तेथे हा ठेका सापडत नाही.

पूर्ण शक्तीवरही असाच एक ठेका असतो, फक्त तो फार जलद आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन दर २० मिलिसेकंदांतले साधारण निम्मे चालू आणि निम्मे बंद असतो. त्या दहा मिलिसेकंदांच्या फटीत वाय-फायला आपले काम उरकता येते, मात्र बोलणे आटोपशीर हवे. १५०० बाइटचा मजकूर १ मेगाबिटच्या जुन्या वेगाने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तो फटीत मावतच नाही. ५४ मेगाबिटने तोच पाव मिलिसेकंदाच्या आसपास जातो. अडचण अशी, की हरवलेल्या मजकुरामुळे राउटर घाबरल्यासारखा वेग कमी करत जातो आणि परिस्थिती आणखी बिघडवतो. म्हणून चॅनेल बदलूनही थोडी अडखळण उरली असेल, तर `Mode` मध्ये `802.11b/g/n` ऐवजी `802.11g/n` किंवा `802.11n only` निवडावे. त्यामुळे सर्वांत मंद वेग वगळले जातात. एखादे फार जुने उपकरण यानंतर जोडले जात नसेल, तर हा बदल मागे घ्यावा.

१४. ओव्हन चार वर्षे जुना आहे. आधी त्रास नव्हता, आता अचानक सुरू झाला. असे का?

आधी राउटरचा चॅनेल पाहावा, कारण वीज गेल्यावर `Auto` ने जागा बदलली असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. चॅनेल तोच असेल, तर ओव्हनचे दार तपासावे. कडेला तेलकट थर साचला आहे का, बिजागरी ढिली झाली आहे का, दार लावल्यावर हलते का, हे पाहावे. कड ओल्या फडक्याने पुसावी. दार वाकलेले किंवा जाळी फाटलेली असेल, तर ओव्हन वापरणे थांबवून गळती मोजण्याचे मीटर असलेल्या तंत्रज्ञाला दाखवावा.

बंद ओव्हनमध्ये फोन ठेवून त्यावर रिंग करण्याची जी चाचणी सगळीकडे फिरते, तिच्यावर निर्णय घेऊ नये. मोबाइलच्या टॉवरच्या लहरी वेगळ्या वारंवारतांच्या असतात आणि फोन अत्यंत क्षीण संदेशही पकडतो, त्यामुळे ठीक असलेल्या ओव्हनमध्येही रिंग वाजू शकते. ओव्हनला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळण्याचा उपायही करू नये. त्याने हवेच्या जाळ्या बंद होऊन ओव्हन तापतो.

१५. आमच्या घरी मायक्रोवेव्हच नाही, तरी रोज रात्री साडेआठला दोन मिनिटे वाय-फाय जाते.

शेजाऱ्यांचा ओव्हन आपल्या भिंतीला टेकलेला असू शकतो. सोसायट्यांमध्ये स्वयंपाकघरे बहुधा पाठीला पाठ लावून किंवा एकाखाली एक असतात, आणि वीटभिंत २.४ गिगाहर्ट्झला पूर्ण अडवत नाही. तीन-चार दिवस त्या वेळी पिंग चालू ठेवून वेळा लिहाव्यात आणि मग शेजारी विचारावे. त्यांना ओव्हन हलवायला सांगण्याआधी आपला राउटर आणि लॅपटॉप त्या भिंतीपासून दूर नेऊन पाहावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की गोंगाट चौथाईवर येतो, आणि एका खोलीच्या आत दोन मीटर सरकणेही पुष्कळदा पुरते. राउटर फ्रिजच्या किंवा लोखंडी कपाटाच्या मागे जाणार नाही, एवढे पाहावे. नंतर चॅनेल १ करावा.